काम थांबवण्याचे पत्र

स्वतंत्रपणे काम करणारा डिझायनर, अनुवादक किंवा प्रोग्रॅमर एखाद्या क्लायंटचे काम सोडतो तेव्हा त्याच्या पत्राने दोन गोष्टी पक्क्या कराव्या लागतात: काम कोणत्या तारखेला थांबणार आणि त्या तारखेपर्यंत नेमके काय करून दिले जाणार. पैसे न देता काम वाढवत नेणाऱ्या क्लायंटला असे पत्र लिहिणे अवघड जाते. तोवर मनात बरेच साठलेले असते आणि ते सगळे कागदावर उतरते. क्लायंट मग उत्तर देतो ते त्या गाऱ्हाण्यांना. तारीख बाजूलाच राहते आणि दोन आठवड्यांनी पुन्हा निरोप येतो, “एवढं एक करून द्या.”

उदाहरण म्हणून पुण्यातील एक डिझायनर आणि नाशिकचे फराळ व मसाले विकणारे एक दुकान घेता येईल. मे महिन्यात दोघांत ई-मेलवर ठरले ते असे: महिन्याला बारा पोस्ट, प्रत्येकीत दोनदा करेक्शन, महिन्याचे २४,००० रुपये, बिल मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे, आणि कोणालाही काम थांबवायचे असेल तर १५ दिवसांची लेखी सूचना. ऑगस्टमध्ये दुकानदाराने मसाल्याच्या तीन पाकिटांची लेबले मागितली, “त्यातच धरा” म्हणून. सप्टेंबरमध्ये चार रील झाल्या. दिवाळीआधीच्या प्रदर्शनासाठी बॅनर हवा म्हटल्यावर मात्र डिझायनरने व्हॉट्सॲपवर लिहिले, “याचे वेगळे ६,००० होतील,” आणि उत्तर आले, “हो, करा.” करेक्शनची संख्या तोवर कोणी मोजेनासे झाले होते.

पत्र लिहायला बसण्याआधी काम कोणत्या जातीचे आहे हे पाहावे लागते, कारण सोडण्याचा हक्क त्यावर ठरतो. वरच्यासारखे महिनेवारी काम सूचना देऊन थांबवता येते आणि त्यासाठी कारणही द्यावे लागत नाही. ‘साठ हजारांत वेबसाइट’ अशा ठोक कामाचे तसे नाही. तिथे क्लायंटने जास्तीचे काम मागणे हा एरवी करारभंग ठरत नाही. ते नाकारता येते, एवढेच. मूळ काम अर्धवट टाकले तर करारभंग उलट डिझायनरच्याच गळ्यात येऊ शकतो. म्हणून ठोक कामात पत्राचा सूर वेगळा हवा: मूळ यादीतील काम अमुक तारखेला पूर्ण होईल आणि यादीबाहेरचे होणार नाही. ठरलेला हप्ता थकला असेल तर काम थांबवण्याची बाजू बळकट होते. पण तिथेही आधी थकबाकी लेखी मागून तिला मुदत द्यावी, हे बरे. सूचनेचे कलमच ठरलेले नसेल तर वाजवी मुदत द्यायची असते. छोट्या महिनेवारी कामाला दोन आठवडे ते महिना ही मुदत सहसा पुरते, कारण तेवढ्या वेळात क्लायंटला दुसरे माणूस शोधता येते.

दिवस मोजण्यात हमखास घोळ होतो. सूचना दिल्याचा दिवस सोडून दुसऱ्या दिवसापासून मोजायचे, ही सर्वसाधारण रीत आहे. पत्र ३ नोव्हेंबरला गेले तर पंधरा दिवस ४ तारखेपासून धरले जातात आणि १८ नोव्हेंबर हा कामाचा शेवटचा दिवस ठरतो. पत्रात ‘पंधरा दिवसांनी’ असे न लिहिता सरळ ‘१८ नोव्हेंबर’ लिहावे. मग वादाला जागा उरत नाही.

कामाचेही तसेच. अर्ध्याहून थोड्या अधिक महिन्यात बारापैकी सात पोस्ट बसतात. बारा पोस्टचे २४,००० म्हणजे एका पोस्टचे २,०००, तेव्हा सात पोस्टचे १४,००० होतात. दिवसांच्या हिशोबाने थोडे जास्त निघतील, पण मोजून हातात दिलेल्या वस्तूच्या दरावर क्लायंटला हरकत घेणे कठीण जाते. चारशे रुपये सोडून तो वाद टाळलेला परवडतो.

या दुकानदाराला जाणारे पत्र असे लिहिता येईल:

“स. न. वि. वि.

विषय: महिनेवारी कामाची १५ दिवसांची सूचना.

मे महिन्यात ई-मेलवर ठरल्याप्रमाणे आपले सोशल मीडियाचे काम थांबवण्याची ही लेखी सूचना आहे. सूचनेची तारीख ३ नोव्हेंबर असून १८ नोव्हेंबर हा कामाचा शेवटचा दिवस राहील.

१८ नोव्हेंबरपर्यंत सात पोस्ट, प्रत्येकी दोन करेक्शनसह, करून मिळतील. त्यासाठीचा मजकूर व फोटो १० नोव्हेंबरपर्यंत पाठवावेत. त्यानंतर आलेल्या मजकुराच्या पोस्ट या मुदतीत होऊ शकणार नाहीत. या सात पोस्टखेरीज नवे काम सूचनेच्या काळात घेतले जाणार नाही.

३१ ऑक्टोबरचे बिल ३०,००० रुपयांचे आहे (महिन्याचे काम २४,०००, प्रदर्शनाचा बॅनर ६,०००) व त्याची मुदत १५ नोव्हेंबर आहे. सात पोस्टचे १४,००० रुपयांचे शेवटचे बिल १८ नोव्हेंबरला पाठवले जाईल. त्याची मुदत ३ डिसेंबर राहील.

खात्यांचे सर्व ॲक्सेस व आपण दिलेले फोटो १८ नोव्हेंबरला आपल्याकडे सुपूर्द केले जातील. पत्र मिळाल्याचे कृपया उत्तरी कळवावे.

कळावे.”

या पत्रात लेबले आणि रील यांचा उल्लेख नाही, आणि तो मुद्दाम टाळलेला आहे. बॅनरचा दर आधी सांगून त्याला होकार मिळाला होता, म्हणून ते पैसे बिलात सरळ मागता येतात. लेबलांचा आणि रीलचा दर मात्र कधीच ठरला नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या ७० व्या कलमानुसार एखाद्याने फुकट करण्याचा हेतू नसताना दुसऱ्यासाठी काही केले आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याने मोबदला द्यायला हवा. या आधारावर लेबलांचे पैसे मागता येतील. पण “त्यातच धरा” या निरोपाला डिझायनरने कोणतीही हरकत न घेता फायनल फाइल पाठवली असेल, तर तिने ते काम महिन्याच्या पैशांत करायचे मान्य केले, असे दुकानदार म्हणणारच, आणि त्याच्या म्हणण्यात जोर असेल. असा दुबळा दावा ४४,००० रुपयांच्या पक्क्या येण्याशेजारी ठेवला की पक्क्या पैशांचाही वाद होतो आणि सगळेच अडकते. मागायचेच असेल तर वेगळ्या पत्राने, कामाची तारीख आणि दर लावून मागावे; तेही ३० हजारांचे बिल वसूल झाल्यावर.

कारण लिहावे का, हा प्रश्न नेहमी येतो. महिनेवारी कामात ते गरजेचे नाही आणि बहुतेक वेळा ते घातकच ठरते. ‘काम ठरल्यापेक्षा फार वाढले’ असे लिहिले की उत्तर येते, ‘मग कमी करू, पण थांबू नका.’ काम पुढे चालू ठेवायची खरोखर तयारी असेल तर आधी वेगळे पत्र पाठवून नवी यादी आणि नवा दर मांडावा. त्यावर हालचाल झाली नाही की मग सूचना द्यावी. ही दोन पत्रे एकत्र केली की त्यातून घासाघीस तेवढी सुरू होते.

पत्र करारात दिलेल्या ई-मेल पत्त्यावर पाठवावे आणि त्याचीच पीडीएफ व्हॉट्सॲपवर टाकावी. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ने इलेक्ट्रॉनिक नोंदीला लेखी मजकुराचे स्थान दिले आहे, त्यामुळे करारात वेगळे काही ठरले नसेल तर ई-मेल चालतो. उत्तर आले नाही तर दोन दिवसांनी स्पीड पोस्टने एक प्रत धाडावी. तिची पावती आणि पोचल्याची नोंद हाती राहते. फोनवर बोलणे झाले तर त्यात काय ठरले ते त्याच दिवशी दोन ओळींत ई-मेल करून ठेवावे.

सूचनेच्या पंधरा दिवसांत काम सर्वाधिक वाढते. माणूस जाणार म्हटल्यावर नव्या वर्षाचे कॅलेंडर, राहिलेला मेनू, जुन्या पोस्टची दुरुस्ती, सगळे एकदम आठवते. यातील एकही गोष्ट ‘शेवटचीच आहे’ म्हणून केली तर पत्रातील मर्यादा स्वतःच्या हाताने पुसली जाते. उत्तर एका ओळीचे असावे: हे सात पोस्टमध्ये बसत नाही, त्यामुळे घेता येणार नाही. हात मोकळा असेल आणि करायचेच असेल तर आधी दर सांगावा, निम्मे पैसे आगाऊ घ्यावेत आणि तारीख १८ पुढे जाऊ देऊ नये.

याच काळात एक गंभीर चूकही होते. पैसे थकले म्हणून क्लायंटच्या पेजचा पासवर्ड बदलणे किंवा वेबसाइट बंद पाडणे हे वसुलीचे साधन नव्हे. ज्याला वापराचा अधिकार आहे त्याचा ॲक्सेस अडवणे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ व्या कलमात येते, आणि पैसे ज्याचे यायचे तोच आरोपी होऊन बसतो. क्लायंटची खाती आणि त्याने दिलेले साहित्य त्याला परत द्यायलाच हवे. डिझायनरने स्वतः तयार केलेल्या ओपन फाइलची गोष्ट वेगळी आहे: त्या द्यायचे ठरले नसेल तर देणे बंधनकारक नाही. स्वतंत्र डिझायनरच्या रेखाकामाचा कॉपीराइट कायद्याने सहसा त्याच्याकडेच राहतो आणि तो दुसऱ्याच्या नावे करायला सहीनिशी लेखी हस्तांतर लागते. पैसे देऊन काढून घेतलेला फोटो किंवा बनवून घेतलेली चित्रफीत मात्र या नियमाला अपवाद आहे. म्हणून रीलच्या बाबतीत हा मुद्दा ताणू नये.

मुदत टळूनही पैसे आले नाहीत तर उद्यम नोंदणी उपयोगी पडते. ही नोंदणी सरकारी पोर्टलवर विनाशुल्क होते आणि एकट्याने सेवा देणाऱ्यालाही करता येते. ती काम घेण्याआधीच झालेली असावी. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात, आणि ठरवूनही ही मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. काहीच ठरले नसेल तर १५ दिवस धरतात. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. तक्रार राज्याच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे करता येते. १६ नोव्हेंबरला पाठवायच्या आठवणीत धमकी न देता या कायद्याचे नाव, थकलेली रक्कम आणि उलटलेली तारीख एवढेच लिहावे. दिवाणी दाव्याला मुदतीच्या कायद्याने सर्वसाधारणपणे तीन वर्षे मिळतात, आणि त्या काळात क्लायंटने सहीनिशी लेखी कबुली दिली तर ती तीन वर्षे कबुलीच्या दिवसापासून नव्याने मोजली जातात.