झोपेचं घड्याळ मोडणारा आजार

काँगो लोकशाही प्रजासत्ताकात क्विलू नदीच्या काठच्या एका गावातली बाई डोळ्यांसमोर आणा. ही गोष्ट कुणा एकीची नाही. त्या भागातल्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं जे रुग्ण पाहिले, त्यांच्यावरून ती जुळवली आहे. ज्या कंदापासून आपल्याकडे साबुदाणा होतो तो कसावा तिकडचं रोजचं अन्न. त्यातलं विष निघून जावं म्हणून कंद पाण्यात भिजत घालतात, आणि त्यासाठी बायकांना रोज झाडीतल्या पाणवठ्यावर उतरावं लागतं. त्याच सावलीत त्सेत्से माशी बसलेली असते. ती कपड्यावरूनही चावते. चावा दुखतो, पण अशा माश्या रोजच चावत असल्यामुळे बाई तो विसरून जाते.

काही आठवड्यांनी तिला ताप येतो. चार-सहा दिवसांनी उतरतो, पुन्हा येतो. डोकं दुखतं, सांधे धरतात, अंगाला खाज सुटते. गावच्या दवाखान्यात मलेरियाच्या गोळ्या मिळतात. ताप तसाही आपोआप उतरणारच असतो, त्यामुळे गोळी लागू पडली असं सगळ्यांना वाटतं. तिच्या मानेच्या मागच्या बाजूला, केसांच्या रेषेखाली, बोटांना जाणवतील अशा मऊ गाठी आलेल्या असतात, पण त्या कुणी चाचपत नाही. या गाठींची खूण फार जुनी आहे. सिएरा लिओनमध्ये काम केलेल्या थॉमस विंटरबॉटम या इंग्रज डॉक्टरनं 1803 मध्ये लिहून ठेवलं, की गुलामांचे व्यापारी माणसाची मान चाचपून पाहत आणि गाठी लागल्या तर त्याला विकत घेत नसत. कारण कुणालाच ठाऊक नव्हतं, पण असा माणूस फार दिवस जगत नाही एवढं व्यापाऱ्यांना कळलेलं होतं.

असं वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ चालतं. मग एका दुपारी चुलीवर भांडं ठेवून बाई बसल्या जागी झोपते. दुसऱ्या दिवशी बोलता बोलता डोळा लागतो. रात्री मात्र ती टक्क जागी असते, घरात-अंगणात फिरते, लेकरांवर विनाकारण ओरडते. घरच्यांना वाटतं, हिला बाहेरचं काहीतरी लागलं, किंवा हिचं डोकं फिरलं.

या आजाराचं नाव निद्रारोग, पण ते नाव फसवं आहे. रुग्णांच्या मेंदूच्या विद्युतलहरी सलग 24 तास नोंदवल्या तेव्हा दिसलं, की त्यांची एकूण झोप फारशी वाढलेली नसते. ती सगळ्या दिवसभर तुकड्या-तुकड्यांनी विखुरलेली असते. आजार जितका पुढे गेलेला, तितके दिवस आणि रात्र एकसारखे. दुसरी खूण झोपेच्या आत सापडते. निरोगी माणूस आधी गाढ झोपेत जातो आणि साधारण दीड तासानं त्याची स्वप्नांची झोप सुरू होते. या रुग्णांत डोळा लागताच स्वप्नांची झोप येऊ शकते. म्हणजे झोपेचं प्रमाण जवळपास तेवढंच राहतं, तिची वेळ आणि तिचा क्रम मोडतो.

हे घडवणारा जीव म्हणजे ट्रायपॅनोसोमा. तो जिवाणू नव्हे आणि विषाणूही नव्हे. शेपटीसारख्या धाग्यानं वळवळत पोहणारा एकपेशीय परजीवी आहे. माशीच्या लाळेतून तो शरीरात येतो आणि रक्तात उघड्यावर राहतो. मलेरियाच्या परजीवीसारखा तो पेशीच्या आत लपत नाही. तरी तो वाचतो, कारण तो अंगरखा बदलतो. त्याच्या अंगावर एकाच प्रथिनाच्या सुमारे 1 कोटी रेणूंचं दाट आवरण असतं. आपलं शरीर ते आवरण ओळखायला शिकतं आणि परजीवींची कत्तल करतं. पण तोवर थोड्यांनी वेगळ्या प्रथिनाचं आवरण चढवलेलं असतं. ते वाचतात आणि वाढतात, आणि शरीराला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. ताप लाटांनी येतो तो यामुळेच, आणि या आजारावर लस बनवता आलेली नाही तीही यामुळेच.

आजाराचा दुसरा टप्पा सुरू होतो तो मेंदूत. रक्तातलं वाटेल ते मेंदूत शिरू नये म्हणून तिथल्या रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटून भिंतीसारख्या उभ्या असतात. ट्रायपॅनोसोमा ही भिंत ओलांडतो. मेंदूभोवतीच्या पाण्यात आणि आवरणांत शरीराच्या पांढऱ्या पेशी जमतात, सूज येते. दिवस-रात्रीचं भान ठेवणारा पेशींचा एक बारीक पुंजका मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या नसांच्या वर असतो. हेच आपलं मुख्य घड्याळ, आणि त्याचं काम बिघडतं. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरच्या प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. परजीवीमुळे शरीरातली घड्याळं जलद चालू लागली आणि उंदीर आपल्या विश्रांतीच्या वेळी जागे राहू लागले. उपचार झाला नाही तर माणसाला पुढे बोलणं आणि चालणं जमेनासं होतं, खाणं तुटतं आणि शेवटी बेशुद्धी व मृत्यू येतो. पश्चिम व मध्य आफ्रिकेतला प्रकार यासाठी काही महिने ते काही वर्षं घेतो. पूर्व आफ्रिकेतला प्रकार काही आठवडे ते काही महिन्यांतच तिथवर नेतो.

मेंदूची ही भिंत रुग्णाला दुसऱ्यांदा नडते ती औषधाच्या वेळी. रक्तातला परजीवी मारणारी जुनी औषधं भिंतीपलीकडे पोचत नसत. पलीकडे पोचणारं मेलार्सोप्रोल 1949 साली आलं, पण ते सोमलापासून बनवलेलं होतं. ते शिरेत टोचलं की हात आतून पेटल्यासारखा होई. ज्या द्रवात ते विरघळवत तो प्लास्टिक खाई, म्हणून काचेची सिरिंज लागे. शंभरातल्या पाच ते दहा रुग्णांच्या मेंदूवर या औषधाची घातक प्रतिक्रिया येई आणि त्यातले जवळपास निम्मे दगावत. म्हणून आधी प्रत्येकाच्या पाठीतलं पाणी काढून पाहावं लागे. एका मायक्रोलिटर पाण्यात पाचपेक्षा जास्त पांढऱ्या पेशी किंवा एखादाही परजीवी दिसला, तर आजार मेंदूत गेला असं धरत. त्या मोजणीवर माणसाला सोमल टोचायचा की नाही हे ठरे.

1990 मध्ये एफ्लोर्निथिन हे नवं औषध मान्य झालं. बेशुद्धीतले रुग्ण त्यानं उठून बसत. पण 14 दिवसांत ते 56 वेळा सलाईनमधून द्यावं लागे. जिथं रस्ता नाही तिथं एवढ्या बाटल्या न्यायच्या कशा? शिवाय ज्यांना ते हवं होतं त्यांच्याकडे पैसा नव्हता, त्यामुळे औषधाचं उत्पादनच बंद पडलं. पुढे तेच द्रव्य बायकांच्या चेहऱ्यावरची लव कमी करणाऱ्या क्रीममध्ये श्रीमंत देशांत विकलं जाऊ लागलं. मरणाऱ्या माणसासाठी जे बनत नव्हतं ते सौंदर्यासाठी बनतंय, याचा बोभाटा झाला. 2001 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेशी करार होऊन औषध फुकट मिळू लागलं. मला या आजाराच्या इतिहासातलं हे पान सर्वांत जास्त सलतं.

2009 नंतर एफ्लोर्निथिनच्या जोडीला निफर्टिमॉक्सच्या गोळ्या आल्या आणि 56 सलाईनची संख्या 14 वर आली. खरा बदल 2018 मध्ये फेक्सिनिडाझोलला मान्यता मिळाली तेव्हा झाला. हे औषध कित्येक वर्षं बासनात पडून होतं. दुर्लक्षित आजारांवर औषधं शोधणाऱ्या डीएनडीआय या संस्थेनं ते बाहेर काढलं. ही नुसती गोळी आहे, आणि ती मेंदूपर्यंत पोचते. मोठ्या माणसानं पहिले चार दिवस रोज तीन आणि पुढचे सहा दिवस रोज दोन गोळ्या घ्यायच्या, त्याही भरपेट जेवणानंतर, कारण रिकाम्या पोटी ती रक्तात पुरेशी उतरत नाही. गोळी घेताना कुणीतरी समोर असावं लागतं. उलट्या होतात, डोकं दुखतं आणि काही काळ झोपही उडते. आजार फार पुढे गेला असेल, पाठीच्या पाण्यात पांढऱ्या पेशी शंभर किंवा त्याहून जास्त असतील, तर अजूनही जुन्या सलाईनचीच शिफारस आहे. पण तशी शंका नसेल तर पाठीत सुई खुपसण्याची गरज आता उरलेली नाही. उपचारानंतर पुन्हा झोप नोंदवली की ती रात्रीकडे परत जाताना दिसते. आपल्या गोष्टीतल्या बाईच्या घरच्यांना मात्र ते यंत्राशिवायच कळेल: ती रात्री झोपलेली असेल आणि सकाळी पाणवठ्यावर गेलेली असेल.

आपल्याकडे त्सेत्से माशी नाही. गुरा-घोड्यांना होणारा सर्रा मात्र आहे, आणि तो ट्रायपॅनोसोमाच्याच एका भावंडामुळे होतो. माणसाच्या रक्तातलं एक प्रथिन या भावंडाला मारून टाकतं, म्हणून वर्षानुवर्षं गोठ्यात वावरूनही आपल्याला काही होत नाही. आफ्रिकेतल्या दोन प्रकारांनी त्या प्रथिनावर तोड काढली, म्हणून तिथं माणसं आजारी पडतात. हे कोडं उलगडायला चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याची मदत झाली. 2004 मध्ये तापानं आजारी पडलेल्या या माणसाच्या रक्तात सर्र्याचा परजीवी सापडला. पुढच्या तपासणीत कळलं, की त्याच्या त्या जनुकाच्या दोन्ही प्रतींत दोष होता आणि त्याच्या रक्तात ते प्रथिनच नव्हतं. आफ्रिकेत वापरलं जाणारं सुरामिन देऊन त्याला बरं करण्यात आलं.

1998 मध्ये आफ्रिकेत निद्रारोगाचे सुमारे 40,000 रुग्ण नोंदले गेले होते. 2018 पासून दर वर्षीचा आकडा हजाराच्या खाली आहे. एकदाच घ्यायच्या अ‍ॅकोझिबोरोल या औषधाच्या चाचणीत उशिरा आलेले रुग्णही सुमारे 95 टक्के बरे झाले. तरी या आकड्यांनी निश्चिंत होण्यासारखं नाही. 1960 च्या दशकातही आजार जवळपास संपला होता. मग फिरती पथकं बंद झाली, गावांत रक्त तपासणारं कुणी उरलं नाही, आणि तीसेक वर्षांत तो पुन्हा हजारोंच्या घरात पोचला. काही माणसांत परजीवी वर्षानुवर्षं लक्षणांशिवाय राहतो, आणि त्यांच्यापासून माशीला तो पुन्हा मिळतो.

आता रुग्ण इतके थोडे आहेत, की एखाद्या तरुण परिचारिकेनं आयुष्यात एकही पाहिलेला नसतो. क्विलूकाठच्या दवाखान्यात ताप घेऊन आलेल्या बाईची मलेरियाची चाचणी निगेटिव्ह आली, तर पुढचं काम फार छोटं आहे. बाईच्या मानेच्या मागे बोटं फिरवायची, ती रात्री झोपते का हे विचारायचं, आणि बोटातल्या रक्ताच्या एका थेंबावर निद्रारोगाची चाचणी करायची. ते कुणी केलं, तर दहा दिवसांच्या गोळ्यांवर भागतं. नाही केलं, तर परजीवीला मेंदूपर्यंत जायला वेळ मिळतो.