शेंगेतला मटार आणि पाकिटातला मटार

पावसाळ्याच्या उत्तरार्धात सासवडच्या बाजारात पुरंदरचा मटार येतो. त्याच्या गोडीची ख्याती पुण्या-मुंबईपर्यंत आहे. त्यानंतर हिवाळ्यात मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश आणि पंजाबातून शेंगांचे ट्रक येऊ लागतात. भाव खाली येतो आणि घरोघरी उसळ, करंज्या, मसालेभात सुरू होतो. उन्हाळा लागला की शेंगा महागतात, दाणे जून निघतात आणि मग हात फ्रीजरमधल्या पाकिटाकडे वळतो. तो वळताना मनात एक अपराधी भाव असतो: ताजं ते पौष्टिक, गोठवलेलं म्हणजे निकस. हा समज कितपत खरा, हे मटाराच्या दाण्यावर जितकं स्पष्ट दिसतं तितकं दुसऱ्या कुठल्या भाजीवर क्वचितच दिसेल.

वेलीवरून तोडलेली शेंग जिवंतच असते. तिचा श्वसनवेग भाज्यांमध्ये फार वरचा आहे, त्यामुळे तोडल्यापासूनच दाणा स्वतःची साखर खर्च करू लागतो आणि उरलेल्या साखरेचा स्टार्च होऊ लागतो. काल गोड लागलेला मटार आज पिठूळ का लागतो, त्याचं कारण हे. क जीवनसत्त्वही याच काळात झपाट्यानं घटतं. शेंग लगेच शून्य अंशाच्या आसपास थंड केली तर हा ऱ्हास मंदावतो. पण आपल्याकडे शेंगा पोत्यात दाबून भरल्या जातात. पोत्याच्या मधोमध त्या स्वतःच्याच उष्णतेनं तापतात, ट्रकमधून बाजार समितीत, तिथून किरकोळ गाड्यावर आणि शेवटी घरच्या टोपलीत येतात. या प्रवासात दोन-तीन दिवस सहज जातात. दुकानात ‘ताजा’ म्हणून मिळणारा मटार असा असतो.

कारखान्यात जाणाऱ्या मटाराची वाट वेगळी असते. चांगली प्रक्रिया करणारे कोवळा माल निवडतात आणि काढणीनंतर शक्य तितक्या लवकर दाणे सोलून, धुऊन उकळत्या पाण्यातून किंवा वाफेतून मिनिट-दीड मिनिट काढतात. मग ते लगेच थंड करून अतिथंड हवेच्या झोतात गोठवले जातात. हवेवर प्रत्येक दाणा सुटा तरंगत असल्यामुळे ते एकमेकांना चिकटत नाहीत. पुढची साठवण उणे 18 अंशांवर होते. यात टिकवण्यासाठी रसायन घालावं लागत नाही. थंडीच ते काम करते.

मधली वाफवण्याची पायरी महत्त्वाची आहे. दाण्यातली विकरं, म्हणजे एन्झाइम, गोठवल्यानं मंदावतात, पण मरत नाहीत. ती निकामी केली नाहीत तर काही आठवड्यांत रंग फिका पडतो आणि वाळक्या गवतासारखा वास येतो. या पायरीची किंमतही मोजावी लागते. पाण्यात विरघळणारं क जीवनसत्त्व आणि काही ब जीवनसत्त्वं यांचा काही भाग इथेच निघून जातो. म्हणजे शेतातून काढून लगेच शिजवलेल्या मटाराशी पाकीट बरोबरी करू शकत नाही. मात्र एकदा गोठल्यावर पुढची घट अगदी संथ होते. प्रथिनं, तंतू आणि खनिजं जवळजवळ तशीच राहतात.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी 2015 मध्ये ही तुलना प्रसिद्ध केली. त्यांनी मका, गाजर, ब्रोकोली, पालक, मटार, फरसबी, स्ट्रॉबेरी आणि ब्लूबेरी हे आठ पदार्थ काही फ्रीजमध्ये ठेवून आणि काही गोठवून तपासले. आठपैकी पाच पदार्थांत क जीवनसत्त्वाचा लक्षणीय फरक आढळला नाही. उरलेल्या तिनांत ते गोठवलेल्या नमुन्यात जास्त निघालं. पण निकाल सरसकट गोठवलेल्याच्या बाजूनं नव्हता. मटार, गाजर आणि पालक यांतलं बीटा-कॅरोटिन गोठवल्यावर बरंच घटलं, आणि मटारातलं रिबोफ्लेविनही कमी भरलं. तेव्हा पाकीट निकस नाही, हे ठामपणे म्हणता येतं. ते ताज्यापेक्षा सरस आहे, असं मात्र म्हणता येत नाही.

आता पैशांचं पाहू. इथे शेंगेचा आणि पाकिटाचा भाव थेट ताडून बघितला की हिशेब चुकतो, कारण किलोभर शेंगांतून साधारण साडेचारशे ग्रॅमच दाणे निघतात. म्हणून शेंगांचा भाव सव्वादोननं गुणावा आणि मग किलोभर पाकिटाशी तुलना करावी. समजा, अर्ध्या किलोचं पाकीट 90 रुपयांना आहे, म्हणजे दाणे 180 रुपये किलो. हिवाळ्यात शेंगा 40 रुपये किलो असतील तर दाणे 90 रुपयांना पडतात आणि पाकीट घेण्यात काही अर्थ नाही. उन्हाळ्यात शेंगा 140 वर गेल्या की तेच दाणे 315 रुपयांना पडतात. या उदाहरणात काटा 80 रुपयांवर समतोल होतो. किडके आणि पोकळ दाणे, तसंच सोलण्याचा वेळ यात धरलेला नाही. तो धरला तर काटा पाकिटाकडे आणखी झुकतो.

यातूनच तिसरा मार्ग निघतो: स्वस्ताईत घेऊन घरी गोठवणं. अनेक घरांत सोललेले दाणे तसेच पिशवीत भरतात. महिन्याभरात संपणार असतील तर चालतं. उन्हाळ्यापर्यंत टिकवायचे असतील तर वाफवणं टाळू नये. अर्धा किलो दाण्यांना सुमारे चार लिटर पाणी खळखळून उकळावं. कमी पाण्यात दाणे पडले की उकळी मोडते आणि ते गोठण्याआधीच शिजतात. दीड मिनिटानं काढून तितकाच वेळ बर्फाच्या पाण्यात बुडवावेत, कापडावर पूर्ण कोरडे करावेत, ताटात पसरून गोठवावेत आणि मगच पिशवीत भरून आतली हवा दाबून काढावी. ओले भरले तर त्यांचा दगड होतो. एक दाराच्या जुन्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा बहुधा उणे 18 पर्यंत जात नाही. आइस्क्रीम तिथे घट्ट राहत नसेल, तर तो कप्पा महिनोन् महिने साठवणीच्या कामाचा नाही.

दुकानात पाकीट घेताना ते हलवून पाहावं. दाणे खुळखुळले तर ठीक. गठ्ठा लागला आणि आत बर्फाचे खडे दिसले तर माल मधे कुठेतरी वितळून पुन्हा गोठलेला आहे. जिथे वीज तासन् तास जाते, तिथल्या लहान दुकानात ही तपासणी जास्तच गरजेची आहे.

मटाराचं गणित सगळ्या भाज्या-फळांना लागू पडत नाही. गोठताना पाण्याचे स्फटिक पेशींच्या भिंती फोडतात. म्हणून काकडी, टोमॅटो किंवा कलिंगड वितळल्यावर लिबलिबीत होतात आणि कोशिंबिरीच्या कामाचे राहत नाहीत. स्वीट कॉर्न, फरसबी, पालक शिजवूनच खायचे असल्यानं चालून जातात. मिल्कशेकसाठी आंब्याच्या गोठवलेल्या फोडी उत्तम. पण पेरू आणि केळी बारा महिने ताजी मिळत असताना त्यांना फ्रीजर दाखवण्याची गरजच नाही. परदेशातल्या मराठी घरांचा प्रश्न वेगळा आहे: अनेक शहरांत तोंडली, शेवग्याच्या शेंगा, ओलं खोबरं गोठवलेलं मिळतं, नाहीतर मिळतच नाही.

पाकिटातली भाजी वाफवलेली असते, शिजलेली नसते. 2015 ते 2018 दरम्यान युरोपात हंगेरीतल्या एका कारखान्यातल्या गोठवलेल्या मक्यातून लिस्टेरिया जिवाणूचा संसर्ग पसरला; त्यात 47 जण आजारी पडले आणि 9 दगावले. गोठवल्यानं हा जिवाणू मरत नाही, नीट शिजवल्यानं मरतो. त्यामुळे हे दाणे वितळवून तसेच सॅलडमध्ये टाकू नयेत, विशेषतः घरात गरोदर बाई किंवा वृद्ध माणूस असेल तर. उसळीत किंवा भातात ते न वितळवता थेट घालावेत, पण अगदी शेवटी, पाचेक मिनिटं वाफ येऊन आतपर्यंत गरम होतील इतका वेळ. कुकरच्या तीन शिट्ट्यांत त्यांचा रंगही जातो आणि टिकून राहिलेलं क जीवनसत्त्वही.