तीस अक्षरांत प्लंबर

रात्री अकरा वाजता बाथरूममधला पाइप फुटलेला माणूस फोनवर ‘plumber near me’ टाइप करतो. त्याला कंपनीचा इतिहास वाचायचा नसतो. कोणी आत्ता येईल का, एवढंच त्याला हवं असतं. गुगलच्या शोधजाहिरातीत हे सांगायला एका मथळ्यात फक्त 30 अक्षरं मिळतात आणि त्याखालच्या वर्णनात 90.

मराठीत ही जागा आणखी आक्रसते. काना, मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरातला न दिसणारा हलंतही संगणक वेगवेगळा मोजतो. ‘पुण्यातील सर्वोत्तम प्लंबिंग सेवा’ हा मथळा डोळ्यांना सोळा घरांचा वाटतो, पण मोजणीत 33 भरतो, म्हणजे बसतच नाही. आणि बसला असता तरी काय? ‘सर्वोत्तम’ तर प्रत्येकच जण म्हणतो. त्याऐवजी ‘पाइप फुटला? प्लंबर लगेच येईल’ हा मथळा 28 मध्ये बसतो आणि ग्राहकाची अडचण त्याच्याच शब्दांत मांडतो.

हाच मथळा ‘बाथरूम फिटिंग खर्च’ शोधणाऱ्याला दाखवला, तर मात्र वाया जातो. त्याला घाई नाही. तो चार ठिकाणी भाव विचारणार आहे. त्याच्यासाठी ‘कामाआधी लेखी अंदाजपत्रक’ हे 23 अक्षरांचं आश्वासन जास्त कामाचं. म्हणून तातडीचं काम आणि नवं फिटिंग यांचे जाहिरातगट वेगळे ठेवावे लागतात, प्रत्येकाचे शोधशब्द आणि मथळे स्वतंत्र.

एका जाहिरातीसाठी 15 पर्यंत मथळे देता येतात. त्यातले जास्तीत जास्त तीन निवडून त्यांचा क्रम गुगल स्वतः लावतं. त्यामुळे एक वाक्य दोन मथळ्यांत तोडणारा फसतो: दुसरा तुकडा आधी येतो किंवा येतच नाही. प्रत्येक मथळा एकटा वाचला तरी कळला पाहिजे. एखादा ठरावीक जागीच हवा असेल तर तो तिथे ‘पिन’ करता येतो, पण मग जुळवाजुळवीला वाव कमी उरतो. मथळ्यात उद्गारचिन्ह चालत नाही आणि फोन नंबरही जाहिरातीच्या मजकुरात घालता येत नाही. त्यासाठी कॉलची वेगळी सोय आहे.

क्लिक येतात पण फोन वाजत नाही, अशा वेळी शोधशब्दांचा अहवाल उघडावा. लोकांनी नेमकं काय टाइप केलं, ते तिथे बऱ्याच अंशी दिसतं. ‘नळ घरी कसा दुरुस्त करावा’, ‘प्लंबर नोकरी’, ‘प्लंबिंग कोर्स’ असले शोध सापडले, तर पैसे गिऱ्हाईक नसलेल्यांवर जात आहेत. ‘नोकरी’, ‘कोर्स’, ‘कसा’ हे शब्द वर्ज्य यादीत टाकले की ती गळती थांबते. मात्र एकवचन, अनेकवचन आणि रोमन लिपीतली रूपं यादीत वेगळी घालावी लागतात.

आणि रात्री फोन उचलायला कोणी नसेल, तर ‘लगेच येईल’वाली जाहिरात वेळापत्रकात रात्रीपुरती बंद ठेवावी. क्लिकचे पैसे मात्र फोन उचलला नाही तरी कापले जातात.