दम्याचं महागडं इंजेक्शन: ते कुणाचं, आणि लागू पडलं हे कसं ओळखायचं

२००७ साली मेपोलिझुमॅब या नव्या औषधाच्या एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ३६२ दमेकरी तीत सहभागी होते. काहींना औषध दिलं, काहींना औषधासारखं दिसणारं पण गुण नसलेलं इंजेक्शन. ज्यांना खरं औषध मिळालं त्यांच्या रक्तातल्या इओसिनोफिल पेशी झपाट्याने कमी झाल्या, पण श्वासाचा जोर मोजला तर दोन्ही गट सारखेच निघाले. औषध फसलं, असंच बहुतेकांना वाटलं.

दोनच वर्षांनी इंग्लंडमधल्या लेस्टर आणि कॅनडातल्या हॅमिल्टन इथल्या डॉक्टरांनी तेच औषध पुन्हा हाती घेतलं. या वेळी रुग्ण निवडून घेतले. भरपूर औषधं घेऊनही ज्यांच्या कफात इओसिनोफिल सापडत होते, त्यांनाच चाचणीत घेतलं. लेस्टरच्या ६१ रुग्णांत वर्षभरात दम्याचे मोठे झटके औषधाच्या गटात माणशी सरासरी २, तर दुसऱ्या गटात ३.४ आले. हॅमिल्टनला रुग्णांच्या स्टिरॉइडच्या गोळ्या कमी करता आल्या. मात्र लेस्टरमध्ये रोजची धाप आणि फुंकरीच्या चाचणीचे आकडे या वेळीही फारसे हलले नव्हते. औषध तेच होतं. फरक पडला तो रुग्णांच्या निवडीत आणि काय मोजायचं या निर्णयात. आज हे इंजेक्शन घ्यावं का, असा प्रश्न ज्या घरात पडलेला असतो, तिथेही याच दोन गोष्टी ठरवायच्या असतात.

इओसिनोफिल ही पांढरी पेशी आहे. ती प्रत्येकाच्या रक्तात थोडीफार असते. काहींच्या दम्यात ती श्वासनलिकेच्या अस्तरात गर्दी करते, तिथे सूज आणते आणि चिकट कफ तयार होतो. या पेशींना वाढायला आणि जगायला आयएल-५ नावाचा संदेश लागतो. मेपोलिझुमॅब म्हणजे त्या संदेशालाच पकडून ठेवणारं प्रतिपिंड. ते जिवंत पेशींकडून बनवून घेतलं जातं, म्हणून या औषधांना बायोलॉजिक म्हणतात. ते दर चार आठवड्यांनी १०० मिलिग्रॅम, त्वचेखाली टोचतात. बेनरालिझुमॅब थेट पेशीवरच्या ग्राहकाला चिकटतं. त्याचे पहिले तीन डोस चार आठवड्यांच्या अंतराने आणि नंतरचे आठ आठवड्यांनी देतात. डुपिलुमॅब आणि टेझेपेलुमॅब ही औषधं वेगळे संदेश अडवतात.

अर्थात इंजेक्शनचा विचार करण्याआधी दमा खरोखर गंभीर आहे की नुसता हाताबाहेर गेलाय, हे तपासावं लागतं. यातला फरक बहुतेक वेळा पंपात सापडतो. रुग्णाला समोर बसवून पंप मारायला सांगितलं की कळतं: दाबायच्या आधीच श्वास ओढून झालेला असतो, किंवा औषध तोंडात गेल्या गेल्या श्वास सोडून दिला जातो. हळू, खोल ओढून दहा सेकंद रोखायचा असतो, आणि स्पेसर लावला तर बरंच सोपं जातं. त्यानंतर विचारायचं, हा पंप कधी आणला? रोज चार फवारे घेणाऱ्याचा १२० फवाऱ्यांचा पंप महिन्यात संपायला हवा. तो सहा महिने पुरत असेल, तर महागडं इंजेक्शन नव्हे, रोजचा पंप कमी पडतोय. माझ्या मते हा तपास वगळून बायोलॉजिक सुरू करणं म्हणजे रुग्णाच्या पैशांचा अपव्यय आहे.

आता एक उदाहरण नीट पाहू. ते काल्पनिक आहे, पण छातीरोगतज्ज्ञांना अगदी ओळखीचं वाटेल. सांगलीकडच्या एका सेहेचाळीस वर्षांच्या शिक्षिकेला दमा जडला तो अडतिसाव्या वर्षी. लहानपणी ॲलर्जी नव्हती. नाकात मोड येतात, दोनदा ऑपरेशन झालंय. पंप मोठ्या डोसचा आहे, त्या तो रोज आणि बरोबर घेतात. तरी गेल्या वर्षभरात चार वेळा प्रेडनिसोलोनचा कोर्स घ्यावा लागला, आणि आता तर रोजची १० मिलिग्रॅमची गोळी सुटतच नाही. साखर वाढलीय, चेहरा सुजलाय.

रक्ताचा ताजा रिपोर्ट मात्र निराश करतो: इओसिनोफिल फक्त १ टक्का. इथेच अनेकांची गाडी चुकीच्या रुळावर जाते. टक्क्याला स्वतःचा अर्थ नसतो, एकूण पांढऱ्या पेशींशी गुणाकार करावा लागतो. इथे एकूण पेशी १२,४००, म्हणजे इओसिनोफिल १२४. शिवाय हा रिपोर्ट प्रेडनिसोलोन चालू असताना काढलेला आहे. ती गोळी इओसिनोफिल रक्तातून हटवते आणि एकूण पांढऱ्या पेशी वाढवते, त्यामुळे आकडा दोन्ही बाजूंनी फसवतो. फाईलमध्ये दोन वर्षांपूर्वीचा, गोळी सुरू होण्याआधीचा रिपोर्ट सापडला: ९,२०० पेशी, इओसिनोफिल ८ टक्के. गुणाकार ७३६. खरी ओळख त्या जुन्या कागदावर होती. साधारणपणे १५० च्या वर विचार सुरू होतो, ३०० च्या वर औषधाकडून अपेक्षा वाढते. इंग्लंडची सरकारी आरोग्यसेवा मेपोलिझुमॅबसाठी ३०० पेशी आणि वर्षात चार झटके किंवा रोजची स्टिरॉइडची गोळी, अशी अट घालते. पेशी ४०० च्या वर असतील तर तीन झटके पुरतात. जुने रिपोर्ट म्हणूनच फेकू नयेत.

पण ७३६ हा आकडा पाहूनही लगेच सुई उचलायची नसते. आपल्याकडे इओसिनोफिल वाढायला इतरही कारणं असतात. पोटात जंत असतील तर ते आधी मारावे लागतात, कारण जंतांशी लढणाऱ्या पेशीच हे औषध कमी करणार असतं. विदर्भातल्या हत्तीरोगाच्या भागात रात्रीचा खोकला आणि ३,००० च्या वर गेलेले इओसिनोफिल दिसले, तर ते हत्तीरोगाच्या जंतूंमुळे असू शकतात, आणि तिथे तीन आठवड्यांचं डायइथाइलकार्बामाझिन हे साधं औषध काम करतं. ॲस्परजिलस बुरशीची ॲलर्जी आपल्या देशात खूप आहे. तिची रक्ततपासणी आणि गरज पडली तर छातीचा सीटी करावा. आणि पेशी १,५०० च्या वर असून पायात मुंग्या, बधिरपणा, अंगावर लाल चट्टे असतील तर रक्तवाहिन्यांचा एक दाह शोधावा लागतो. त्यात हेच औषध ३०० मिलिग्रॅमच्या तिप्पट डोसने देतात.

शिक्षिकाबाईंच्या या सगळ्या तपासण्या स्वच्छ आल्या. मोठेपणी सुरू झालेला दमा, नाकात मोड, रोजची गोळी, वारंवार झटके: आयएल-५ अडवणाऱ्या औषधांना उत्तम प्रतिसाद देणाऱ्या रुग्णाची हीच लक्षणं आहेत. नाकाच्या मोडांसाठी डुपिलुमॅबही चाललं असतं. त्यांच्यासाठी मेपोलिझुमॅब निवडलं, नोव्हेंबरात सुरू केलं.

पहिल्या डोसच्या आधी वहीत चार गोष्टी लिहून ठेवल्या: वर्षातले झटके ४, रोजचं प्रेडनिसोलोन १० मिलिग्रॅम, दम्याच्या पाच प्रश्नांच्या चाचणीत २५ पैकी ११ गुण, आणि फुंकरीच्या चाचणीत पहिल्या सेकंदाला १.४ लिटर. ही नोंद नसेल तर नंतर सगळा कारभार आठवणीवर चालतो, आणि आठवण दगा देते.

चार महिन्यांनी, मार्चमध्ये, पुन्हा मोजलं. त्या चाचणीत २० किंवा जास्त गुण म्हणजे दमा आटोक्यात, आणि तीन गुणांचा फरक पडला तर तो खरा मानतात. बाईंचे गुण १७ झाले. गोळी ५ मिलिग्रॅमवर आली. एकही झटका नाही. फुंकर मात्र १.५ लिटर, म्हणजे जवळपास होती तिथेच. घरच्यांचा चेहरा पडला, एवढे पैसे घालून मशीनवर फरकच नाही! पण लेस्टरला हेच झालं होतं. झटके थांबणं आणि गोळी उतरणं हे या औषधाचं मुख्य काम आहे.

दुसरीकडे, त्यांचे इओसिनोफिल ६० वर आले म्हणून हुरळून जाण्यातही अर्थ नाही. त्यावरून औषध शरीरात पोहोचलं एवढंच कळतं. २००७ च्या चाचणीतही पेशी घटल्याच होत्या.

मार्चचा निकाल अपुरा आहे याचं आणखी एक कारण आहे. बाईंचे झटके बहुतेक पावसाळ्यात येत. नोव्हेंबर ते मार्च या काळात ते एरवीही कमीच असायचे. झटक्यांची तुलना पूर्ण वर्षाशी पूर्ण वर्ष अशीच करावी लागते. शिवाय २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मेन्सा या चाचणीतली एक गोष्ट लक्षात ठेवावी. तिच्यातल्या रुग्णांना आधीच्या वर्षी सरासरी साडेतीनच्या आसपास झटके आले होते. चाचणीत खोटं इंजेक्शन घेणाऱ्यांचे झटकेही वर्षाला १.७४ वर आले. लोक वाईट काळातच डॉक्टरांकडे येतात, आणि देखरेख सुरू झाली की पंपही नियमित घेतात. खऱ्या औषधाच्या गटात ते ०.८३ झाले. म्हणून चारचे दोन झाले की औषधाचं यश, असं मी लगेच म्हणणार नाही. चारचा एक झाला आणि सोबत गोळीही उतरली, तर म्हणेन.

बाईंना वर्षात एकच झटका आला, ऑगस्टमध्ये, ताप आणि पिवळ्या कफासह. रक्तात इओसिनोफिल नगण्य होते, सीआरपी वाढलेलं. हा झटका संसर्गाचा होता. बायोलॉजिकवर असताना प्रत्येक धापेवर स्टिरॉइडचा मारा करण्याआधी ही एवढी तपासणी करून घ्यावी.

एक धोका मात्र बरेचदा नजरेतून सुटतो. वर्षानुवर्षं प्रेडनिसोलोन घेतलं की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी स्वतःचं स्टिरॉइड बनवणं कमी करतात. गोळी ५ मिलिग्रॅमच्या खाली नेताना सकाळचं कॉर्टिसोल तपासावं लागतं. ते कमी असलं तर थकवा, मळमळ, उठताना चक्कर येते, आणि रुग्णाला वाटतं इंजेक्शन लागू पडत नाहीये. बाईंच्या बाबतीत कॉर्टिसोल कमीच निघालं. तिथे गोळी थांबवण्याची घाई न करता ती महिन्या-महिन्याने एकेक मिलिग्रॅम कमी केली.

वर्षभर देऊनही फरक नसता, तर औषध बंद करायला हवं होतं. हे सांगायला डॉक्टर कचरतात, कारण रुग्णाने खिशातून मोठी रक्कम घातलेली असते. तेव्हा आधी पंपाचा वापर पुन्हा तपासायचा, मग धापेची दुसरी कारणं शोधायची: स्वरयंत्राचा आकुंचनाचा त्रास, स्थूलपणा, आम्लपित्त. तरीही कफात इओसिनोफिल दिसत असतील तर दुसऱ्या बायोलॉजिकचा विचार करता येतो.

आणि चांगला गुण आला तर? तीन किंवा जास्त वर्षं मेपोलिझुमॅब घेतलेल्या रुग्णांना दोन गटांत विभागून एका गटाचं औषध थांबवलं, तेव्हा त्या गटात झटके जास्त आले. म्हणून आधी स्टिरॉइडची गोळी उतरवतात. मग पंपाचा डोस हळूहळू मध्यमपर्यंत आणतात, पण पंप बंद करत नाहीत. इंजेक्शनला हात लावायचा तो सगळ्यात शेवटी.