पाकिटावरचं नाव

माझं पहिलं पैसे मिळालेलं काम १२० लग्नपाकिटांचं होतं. यजमानांनी पाहुण्यांची यादी दिली ती इंग्रजीत टाइप केलेली. के, ए, एल, ई या चार अक्षरांचं मराठीत काळे होतं आणि कालेही होतं. साठे की साथे, दाणी की दानी, हेही त्या यादीवरून कळेना. मी अंदाजाने लिहायला बसले नाही. सगळी नावं देवनागरीत उतरवून काढली, शंकेच्या जागी खूण केली आणि तो कागद नवऱ्या मुलाच्या आईकडून तपासून त्यावर सही घेतली. तेव्हापासून प्रत्येक कामाची सुरुवात मी अशीच करते. वळणदार अक्षरातलं चुकीचं आडनाव साध्या अक्षरातल्या चुकीच्या आडनावापेक्षा जास्त खुपतं.

सुलेखनाच्या सरावात आपण अ, आ, इ गिरवतो, पण पाकिटावर वर्णमाला येत नाही, नावं येतात. त्यामुळे मूळ वळणं हातात बसली की सराव नावांचाच करावा. देवनागरीसाठी बोरू किंवा निब तिरकी छाटलेली लागते आणि ही छाट इंग्रजीच्या उलट असते. इंग्रजीसाठीचा पेन त्याच धरणीने वापरला तर जाड रेघेच्या जागी बारीक आणि बारकीच्या जागी जाड रेघ येते, आणि अक्षर परकं दिसतं. पाकिटासाठी दीड ते दोन मिलिमीटर रुंदीचं टोक पुरतं. अक्षराची उंची मी टोकाच्या रुंदीच्या पाचपट धरते, म्हणजे दोन मिलिमीटरच्या टोकाला एक सेंटिमीटर.

‘मृण्मयी’ हे एकच नाव वीस वेळा लिहून पाहा. ‘मृ’चा ऋकार खाली उतरतो, ‘यी’ची वेलांटी शिरोरेषेच्या वर जाते, मध्ये अर्धा ‘ण’ आणि ‘म’ दाटीने उभे असतात. त्याच्या खालच्या ओळीत ‘कौस्तुभ’ आलं, तर वरचा ऋकार आणि खालच्या ‘कौ’च्या मात्रा एकमेकांना भिडतात. दोन ओळींत किती अंतर ठेवायचं, हे अशा जोड्या लिहूनच कळतं. दोन अक्षरांमधलं अंतरही पट्टीने मोजून चालत नाही. ‘र’ आणि ‘ट’ यांच्याभोवती मोकळी जागा राहते, तर ‘म’ आणि ‘ष’ स्वतःच भरलेले असतात. म्हणून ‘र’च्या पुढचं अक्षर थोडं जवळ घ्यावं लागतं. शिरोरेषा मी शेवटी ओढते, म्हणजे तोवर अंतर डोळ्यांना तपासता येतं.

नाव मधोमध आणायला अक्षरं मोजू नयेत, कारण ‘र’ अरुंद आणि ‘क्ष’ रुंद असतो. कागदाच्या पट्टीवर त्याच पेनाने नाव एकदा लिहावं. नाव जिथे सुरू होतं आणि जिथे संपतं ती दोन टोकं जुळवून पट्टी दुमडावी. घडी पाकिटाच्या मध्यरेषेवर ठेवली की सुरुवातीची जागा मिळते.

खरी परीक्षा कागद घेतो. हातकागदावर शाई फुटते, म्हणजे रेघेच्या कडांना केसासारखे तंतू सुटतात. शाईत डिंकाच्या पाण्याचे एक-दोन थेंब घातले की ते बरंच आटोक्यात येतं. चकचकीत मोतिया पाकिटावर उलटं होतं. शाई मुरतच नाही. एकदा अशी पाकिटं वाळली समजून मी गठ्ठा बांधला आणि सकाळी वरच्या पाकिटाच्या पाठीवर खालच्याचं नाव उमटलेलं दिसलं. आता काम घेण्याआधी मी दोन पाकिटं मागून घेते, लिहिते आणि दुसऱ्या दिवशी अंगठ्याने घासून बघते. शाई निघाली तर दाट दुधासारखा कालवलेला पोस्टर रंग वापरून बघते. तोही निघाला तर कागद बदला असं सांगते. लिहिताना पाकीट रिकामं असावं. आत पत्रिका असली की तिच्या कडेवर निब अडखळते.

दर ठरवायला आधी दहा पाकिटं घड्याळ लावून लिहावीत. मला ४० मिनिटं लागली, म्हणजे १२० पाकिटांना आठ तास. यादी तपासणं आणि पेन्सिलच्या रेघा खोडणं यांचे आणखी दोन. तासाला २०० रुपये धरले तर मजुरीचे २००० आणि शाई-सामानाचे २००, म्हणजे पाकिटामागे साधारण १८ रुपये. शिवाय १२ कोरी पाकिटं जास्तीची मागून घेतली. त्यातली पाच खर्ची पडली, तीही बहुतेक रात्री दहानंतर. त्यानंतर मी सलग दोन तासांहून जास्त लिहीत नाही.

भेटवस्तूच्या चिठ्ठीला हेच नियम लागतात, फक्त टोक एक मिलिमीटरचं घ्यावं. प्रमाणपत्राचं मात्र वेगळं असतं. ते आधीच छापलेलं असतं, कधी त्यावर सह्याही झालेल्या असतात. तिथे चुकलेलं नाव म्हणजे पुन्हा छपाई आणि पुन्हा सह्या. म्हणून सह्या होण्याआधी प्रमाणपत्रं आपल्याकडे मागावीत आणि रेघ आखलेली ठिपक्यांची जागा नाव मावेल एवढी आहे का, हे यादीतल्या सर्वांत लांब नावाने तपासावं.

गठ्ठा देताना सही झालेली यादी समोर ठेवून एकेक नाव मोठ्याने वाचावं. त्या पहिल्या कामात ‘काळे’ वाचलं तेव्हा त्या बाई म्हणाल्या, “हो, काळेच.” पुढच्या पाकिटावर मी तेवढ्याच शांतपणे गेले.