उतारा एकशे सात टक्के

जर्नल पुरी करायच्या रात्री बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक स्क्रीनशॉट फिरत असतो. प्रयोग ॲस्पिरिनचा, रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या ओळखीचा. डेटा शीटवर मोजक्या नोंदी आहेत: सॅलिसिलिक ॲसिड २.०० ग्रॅम, ॲसेटिक ॲनहायड्राइड ५.०, सल्फ्युरिक ॲसिड चार थेंब, रिकामी वॉच ग्लास ३१.४२, पदार्थासह ३४.२१. फोटो काढताना कडा कापली गेली आणि एककांचा रकाना अर्धा गेला. खाली प्रश्न: ‘लिमिटिंग रिएजंट कोणता? पर्सेंटेज यील्ड किती?’

पहिला घोळ त्या ५.० मध्येच आहे. ॲनहायड्राइड द्रवरूप असल्यामुळे ते सहसा मोजपात्रात मिलिलिटरमध्ये घेतात, तराजूवर नाही. ५.० मिलिलिटरला घनता १.०८ ने गुणलं की ५.४ ग्रॅम येतात. शीटवर घनता लिहिलेली नसली तरी ती बाटलीच्या लेबलवर किंवा कोष्टकात सापडते.

आता लिमिटिंग रिएजंट, म्हणजे जो पदार्थ आधी संपतो आणि क्रिया तिथेच थांबवतो तो. तो ग्रॅमवरून ओळखता येत नाही, कारण रेणू जोडीला जोडी लागून क्रिया करतात आणि वेगवेगळ्या पदार्थांचे रेणू वेगवेगळ्या वजनाचे असतात. म्हणून आधी समीकरण:

C7H6O3 + C4H6O3 → C9H8O4 + C2H4O2

इथे प्रमाण एकास एक आहे. सॅलिसिलिक ॲसिडचं मोलर वस्तुमान १३८.१२, म्हणून २.०० ग्रॅम म्हणजे ०.०१४५ मोल. ॲनहायड्राइडचं १०२.०९, म्हणून ५.४ ग्रॅम म्हणजे ०.०५२९ मोल. सॅलिसिलिक ॲसिड आधी संपणार हे उघड आहे. ॲनहायड्राइड मुद्दामच साडेतीन पटींहून जास्त घेतलेलं असतं, कारण तेच द्रावकाचंही काम करतं. सल्फ्युरिक ॲसिडचे थेंब या हिशेबात धरायचेच नाहीत. ते उत्प्रेरक आहे, खर्ची पडत नाही.

ग्रॅमकडे बघूनही इथे उत्तर बरोबर आलं असतं, आणि हीच या शीटची खोडी आहे. समजा ॲनहायड्राइड फक्त १.६ ग्रॅम घेतलं. वजनात ते २.०० ग्रॅमपेक्षा कमी, पण मोलमध्ये ०.०१५७, म्हणजे सॅलिसिलिकपेक्षा जास्तच. वजनाला कमी असूनही ते मागे उरलं असतं. प्रमाण एकास एक नसेल तर मोलला समीकरणातल्या गुणकाने भागून मगच तुलना करायची.

पुढचं सोपं आहे. ०.०१४५ मोल सॅलिसिलिकपासून जास्तीत जास्त तेवढेच मोल ॲस्पिरिन मिळेल. त्याचं मोलर वस्तुमान १८०.१६, म्हणून सैद्धांतिक उत्पादन २.६१ ग्रॅम. चुकून ॲनहायड्राइडचे मोल धरले तर हाच आकडा ९.५३ ग्रॅम येतो. दोन ग्रॅम सॅलिसिलिकमधून साडेनऊ ग्रॅम ॲस्पिरिन! एवढ्यावरूनच चूक पकडता यायला हवी.

आता प्रत्यक्ष उत्पादन: ३४.२१ वजा ३१.४२, म्हणजे २.७९ ग्रॅम. त्याला २.६१ ने भागून शंभराने गुणलं की १०७ टक्के. साखर कारखान्यातला उतारा उसाच्या वजनावर काढतात, म्हणून तो शंभराच्या जवळपासही जात नाही. इथे भागायचं ते सैद्धांतिक उत्पादनाने, त्यामुळे शुद्ध, कोरड्या पदार्थासाठी शंभर ही कमाल मर्यादा. ती ओलांडली गेली, तर वॉच ग्लासवर ॲस्पिरिनखेरीज आणखी काहीतरी आहे.

बहुतेक वेळा ते पाणीच असतं. गाळून काढलेले स्फटिक बोटाला चिकटतात, कागदाला डाग पाडतात. दुसऱ्या दिवशी तीच वॉच ग्लास ३३.५६ भरली, म्हणजे पदार्थ २.१४ ग्रॅम आणि उतारा ८२ टक्के. उरलेले अठरा टक्के कुठे गेले? थोडे फ्लास्कच्या काचेला आणि गाळणकागदाला चिकटून राहिले, थोडे पाण्याबरोबर गेले. साध्या तापमानाला शंभर मिलिलिटर पाण्यात सुमारे पाव ग्रॅम किंवा किंचित जास्त ॲस्पिरिन विरघळतं. म्हणून स्फटिक धुवायला बर्फाचं पाणी आणि तेही थोडंच. सढळ हाताने धुतलं की उतारा सिंकमध्ये जातो.

पण ८२ हा आकडाही डोळे झाकून घ्यायचा नाही. तराजूला ॲस्पिरिन आणि क्रिया न झालेलं सॅलिसिलिक ॲसिड यांतला फरक कळत नाही. चिमूटभर पदार्थ विरघळवून त्यात फेरिक क्लोराइडचा थेंब टाकला आणि जांभळा रंग आला, तर सॅलिसिलिक उरलेलं आहे. मग पुन्हा स्फटिकीकरण. त्यानंतर वजन १.७८ ग्रॅम भरलं, तर उतारा ६८ टक्के. जर्नलमध्ये हे दोन्ही आकडे लिहायचे, एकापुढे ‘क्रूड’ आणि दुसऱ्यापुढे ‘शुद्ध’, शेजारी रंगाच्या चाचणीचा निकाल.