न्यूट्रोफिल कमी : प्रकृती की विकृती?

रक्ततपासणीच्या अहवालात न्यूट्रोफिलची केवळ टक्केवारी पाहून निष्कर्ष काढणे इष्ट नव्हे. प्रत्यक्ष संख्या काढावी लागते. एकूण श्वेतपेशी ३,६०० व न्यूट्रोफिल ३४ टक्के असतील, तर ३,६०० ला ३४ ने गुणून १०० ने भागावे. उत्तर १,२२४ येते. प्रौढांत १,५०० च्या खालील संख्येला न्यूनता म्हणण्याचा प्रघात आहे.

तथापि हीच संख्या काही मानवसमूहांत निरोगीपणाची असते. आफ्रिकी वंशाच्या, तसेच काही अरब व येमेनी ज्यू कुटुंबांतील अनेकांची संख्या आयुष्यभर १,००० ते १,५०० च्या आसपास राहते. त्यांच्या लाल पेशींवर ‘डफी’ नावाचे प्रथिन नसते. व्हायव्हॅक्स हिवतापाचा परजीवी प्रामुख्याने ह्याच प्रथिनाच्या आधारे पेशीत शिरतो. त्यामुळे त्याचा अभाव आफ्रिकेत रूढ झाला असावा. अशा व्यक्तींची मज्जा निर्दोष असते आणि त्यांना जंतुसंसर्ग अधिक होत नाही. ही त्यांची प्रकृतीच होय.

हे वाचून आपल्या रुग्णालाही ‘प्रकृतीच तशी’ असे सांगण्याचा मोह होईल. तेथेच थांबावे. आपल्या देशात व्हायव्हॅक्स हिवताप सर्रास आढळत आला आहे. म्हणजेच बहुसंख्यांच्या पेशींवर डफी प्रथिन आहे. मुरुड-जंजिऱ्याच्या सिद्दींसारख्या आफ्रिकी मूळ असलेल्या घराण्यांत ही शक्यता अवश्य ध्यानी घ्यावी. बुलढाण्याच्या सामान्य रुग्णात मात्र प्रथम कारण शोधावे : नुकताच होऊन गेलेला डेंग्यू वा अन्य विषाणुज्वर, विषमज्वर, ‘बी-१२’ ची कमतरता, आणि विशेषतः औषधे.

समजा, मेहकरकडील पन्नाशीची आमवाताची रुग्णा वरील १,२२४ संख्येचा अहवाल घेऊन आली. सहा महिन्यांपूर्वीच्या अहवालात तीच संख्या ३,८०० होती. तोंड आले आहे, प्लेटलेटही उतरल्या आहेत. जुना अहवाल मागितला नसता तर हा उतार दिसलाच नसता. येथे पिशवीतील सर्व गोळ्या पाहाव्यात. आमवातात मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. ते चुकून रोज घेतले गेल्यास मज्जा दबते व प्राणावर बेतते. अशा रुग्णेची पुढची गोळी थांबवून तिला त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. औषध दुकानदार बंधूंनी ह्या पाकिटावर वार लिहून द्यावा, एवढी आमची विनंती आहे.

प्रकृतिजन्य न्यूनतेत मात्र चित्र वेगळे असते. अनेक महिन्यांच्या अंतराने केलेल्या तपासण्यांत संख्या साधारण तितकीच राहते, हिमोग्लोबिन व प्लेटलेट प्राकृत असतात, वारंवार तोंड येणे वा गळू होणे असा इतिहास नसतो. रक्तपेढीतील डफी-तपासणीने निदानास बळकटी येते.

संख्या ५०० च्या खाली आणि सोबत ज्वर असेल, तर काढा अथवा ज्वरनाशक देऊन वाट पाहू नये. पू झालेला दिसत नाही म्हणून निर्धास्त राहू नये, कारण पू होण्यास लागणाऱ्या पेशीच तेथे नसतात.